पाच वर्षांची करमाफी, पण कोणती पाच वर्षं?

विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे सेझमधल्या प्रकल्पाचा अहवाल उघडला की पहिल्या दोन-चार पानांतच एक वाक्य हमखास भेटतं: पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर शंभर टक्के करमाफी, पुढची पाच वर्षं पन्नास टक्के. 2005 च्या सेझ कायद्याबरोबर आयकर कायद्यात आलेल्या कलम 10AA नं ही सवलत दिली. पन्नास टक्क्यांची आणखी पाच वर्षंही मिळत, पण त्यासाठी नफा वेगळ्या राखीव खात्यात ठेवून पुन्हा उद्योगात गुंतवावा लागे. सीप्झपासून हिंजवडीपर्यंत कितीतरी युनिटांचे हिशेब या कलमाभोवती बेतले गेले.

त्या वाक्याशेजारी बहुतेक वेळा एक आकडाही असतो: करमाफीमुळे वाचणारी रक्कम. माझं म्हणणं असं की अहवालातला सगळ्यात जास्त फुगलेला आकडा बहुधा तोच असतो. त्यात खोटेपणा असतो असं नाही. नव्या कारखान्याची पहिली वर्षं कशी जातात, एवढंच त्यात धरलेलं नसतं.

एक कल्पित कारखाना घेऊ. पुण्याजवळच्या सेझमध्ये, सगळा माल निर्यात करणारा. यंत्रसामग्रीवर 10 कोटी रुपये खर्च. घसारा आणि कर वजा करण्याआधीची कमाई पहिल्या वर्षी 50 लाख, दुसऱ्या वर्षी दीड कोटी, तिसऱ्या वर्षी अडीच कोटी आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंत दर वर्षी 3 कोटी. कराचा दर, अधिभार बाजूला ठेवून, 30 टक्के. यंत्रांवर आयकराच्या हिशेबात दर वर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्के घसारा.

पहिल्या पाच वर्षांची कमाई होते साडेदहा कोटी. तिचे 30 टक्के म्हणजे 3 कोटी 15 लाख, आणि घाईत केलेल्या अहवालात हाच आकडा ‘बचत’ म्हणून बसतो. पण कर कमाईवर लागत नाही, घसारा वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर लागतो. पहिल्या वर्षी कमाई 50 लाख आणि घसारा दीड कोटी, म्हणजे हिशेबात 1 कोटीचा तोटा. दुसऱ्या वर्षी नफा होतो जेमतेम साडेबावीस लाख, तो मागचा तोटा गिळून टाकतो. तिसऱ्या वर्षीच्या नफ्यातूनही उरलेला तोटा वळता होतो आणि कर बसला असता तो 19 लाखांच्या आसपास. सेझमध्ये नसता तरी या कारखान्यानं पहिली दोन वर्षं एक पैसाही कर भरला नसता. त्या दोन वर्षांत माफी मिळाली ती शून्याला. पाचही वर्षांची खरी बचत भरते सुमारे 1 कोटी 48 लाख, म्हणजे अहवालातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. आज हातात असलेला रुपया आणि पाच वर्षांनी मिळणारा रुपया सारखे नसतात, म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाची आवक-जावक ठरावीक दरानं घटवून आजच्या किमतीत आणायची, तिची बेरीज करायची आणि त्यातून आज घातलेलं भांडवल वजा करायचं. उरलेला आकडा शून्याच्या वर असेल तर प्रकल्प भांडवलाचा मोबदला देऊन वर काही शिल्लक टाकतो. आपण 12 टक्के दर धरू. या दरानं पाच वर्षांनी मिळणाऱ्या 1 कोटीची आजची किंमत सुमारे 57 लाख. आपल्या कारखान्याची करबचत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी होते, त्यामुळे ती 1 कोटी 48 लाखांवरून घसरून आजच्या किमतीत 91 लाखांवर येते.

म्हणून सवलत कुचकामी ठरली असं मात्र नाही. करमाफी नसती तर या कारखान्याचा दहा वर्षांचा एनपीव्ही जेमतेम 73 लाख आला असता. 10 कोटींच्या जोखमीवर एवढ्या शिल्लकीसाठी बँकेनं आणि मालकानं दोघांनीही दोनदा विचार केला असता. माफीसह तो 2 कोटी 40 लाखांवर जातो. वाढीव 1 कोटी 67 लाखांपैकी 91 लाख पूर्ण माफीच्या वर्षांतले आणि उरलेले 76 लाख नंतरच्या अर्ध्या माफीच्या वर्षांतले. जाहिरात होते ती पहिल्या पाच वर्षांची. पण दूरची आणि अर्धीच असूनही दुसरी पाच वर्षं जवळजवळ तिच्या बरोबरीला येतात, कारण कारखाना तोवर पूर्ण क्षमतेनं चालत असतो आणि घसाराही बराच ओसरलेला असतो.

एखाद्या हुशार मालकाच्या मनात इथं एक युक्ती येईल. माफीच्या वर्षांत घसाऱ्याचा काही उपयोग नाही, मग तो तेव्हा मागूच नये. करपात्र वर्षं सुरू झाली की पूर्ण 10 कोटींवर घसारा लावून कर वाचवावा. ही युक्ती एके काळी चालण्यासारखी होती. 2000 साली महेंद्र मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घसारा मागायचा की नाही हे करदात्यावर सोडलं होतं. सरकारनं 2001 च्या वित्त कायद्यानं ती वाट बंद केली. एप्रिल 2002 पासून घसारा मागा किंवा मागू नका, तो वजा झाला असंच धरलं जातं. पुढे 2017 मध्ये प्लास्टिब्लेंड्स इंडियाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं की नफ्यावरची वजावट मोजताना घसारा बाजूला ठेवून नफा फुगवता येणार नाही. ते प्रकरण सेझचं नव्हतं, कलम 80-IA चं होतं, आणि घसारा सक्तीचा होण्याआधीच्या वर्षांचं होतं. पण त्यातला धडा सेझवाल्यांनाही लागू आहे.

याचा अर्थ असा की करमाफीच्या वर्षांत घसाऱ्याची ढाल झिजते, पण तिच्यामागे वाचवायला कर नसतो. आपल्या कारखान्यात पहिल्या पाच वर्षांत 10 कोटींपैकी साडेपाच कोटींहून जास्त घसारा असाच संपतो. म्हणून माफीच्या शेवटच्या वर्षी घेतलेलं यंत्रही करहिशेबात महाग पडतं. पाचव्या वर्षी 1 कोटीचं यंत्र आणलं तर त्या वर्षीच्या 15 लाख घसाऱ्यानं काहीच कर वाचत नाही. तेच यंत्र पूर्ण करपात्र वर्षात आणलं असतं तर पहिल्याच वर्षी साडेचार लाख वाचले असते. कर्जाच्या व्याजाचंही तसंच. कर्ज स्वस्त वाटतं ते व्याजावर कर वाचतो म्हणून, आणि माफीच्या काळात तो फायदाच मिळत नाही. अहवालात मात्र पुष्कळदा एका रकान्यात करमाफी असते आणि शेजारच्या रकान्यात व्याजावरची करबचतही धरलेली असते. एकाच रुपयाची दोनदा बचत! अहवालात गफलत आहे का हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

तारखेचाही एक फास आहे. माफीची वर्षं पहिल्या नफ्यापासून मोजली जात नाहीत, उत्पादन किंवा सेवा सुरू झाल्याच्या आर्थिक वर्षापासून मोजली जातात. उद्घाटनाची घाई करून 10 मार्चला पहिला माल काढला, तर 31 मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांत, माफीचं एक अख्खं वर्ष संपतं. आपल्या कारखान्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की चांगल्या कमाईचं एक वर्ष पूर्ण माफीतून अर्ध्या माफीत सरकतं आणि तीसेक लाखांचा कर जास्त बसतो. तीन आठवडे थांबून 1 एप्रिलला सुरुवात करणं किती किमतीचं असतं, ते इथं कळतं.

हे सगळं धरूनही माफीचा फायदा मोठाच होता. तो खरा कापला गेला मॅटमुळे, म्हणजे किमान पर्यायी करामुळे. सेझ कायदा आला तेव्हा या युनिटांना मॅट लागत नव्हता. 2011 च्या अर्थसंकल्पानं तो लावला, पुस्तकी नफ्याच्या 18.5 टक्के. पुस्तकी नफा म्हणजे भागधारकांना दाखवल्या जाणाऱ्या ताळेबंदातला नफा, आणि त्यात यंत्रांची किंमत बहुधा समान हप्त्यांनी वजा होते. आपला कारखाना 2012 नंतर सुरू झाला असं धरलं, तर ज्या दुसऱ्या वर्षी नेहमीच्या नियमानं कर शून्य होता, त्याच वर्षी नऊ लाखांवर मॅट भरावा लागतो. चौथ्या वर्षापासून दर वर्षी 37 लाख. एनपीव्ही 2 कोटी 40 लाखांवरून 1 कोटी 70 लाखांवर येतो. एका वर्षाच्या अर्थसंकल्पानं माफीचा चाळीस टक्क्यांहून जास्त फायदा काढून घेतला.

यावर ठरलेलं उत्तर असे की मॅट वाया जात नाही, त्याचं क्रेडिट मिळतं. क्रेडिट मिळे हे खरं. पण ते वापरता येई ते नेहमीचा कर मॅटपेक्षा जास्त असेल त्या वर्षीच. आपल्या कारखान्यात पहिल्या पाच वर्षांत 1 कोटी 11 लाखांचं क्रेडिट साचतं आणि दहाव्या वर्षापर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच वापरता येत नाही, कारण अर्ध्या माफीत दोन्ही कर साधारण सारखेच राहतात. क्रेडिट पुढे नेण्याची मुदत तेव्हा दहा वर्षं होती, नंतर ती पंधरा झाली. अकराव्या-बाराव्या वर्षी मिळालेल्या रुपयाची आजची किंमत तीस पैशांहून कमी. त्यात 2019 मध्ये सरकारनं 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दराचा पर्याय दिला. तो घेतला की मॅटमधून सुटका होई, पण कलम 10AA ची वजावट आणि साचलेलं क्रेडिट, दोन्ही सोडावी लागत. ज्यांनी अहवालात ते क्रेडिट पूर्ण किमतीनं धरलं होतं, त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला.

आता नव्या युनिटांना हे कलम लागू नाही. मार्च 2020 पर्यंत मंजुरी मिळवलेल्यांना कोविडमुळे काम सुरू करायला 30 सप्टेंबर 2020 पर्यंत मुदत दिली गेली आणि नंतर दार बंद झालं. 2020-21 मध्ये सुरू झालेल्या युनिटांची पूर्ण माफी 2024-25 मध्ये संपली आणि ती आता अर्ध्या माफीत आहेत.

ही चूक धोरणकर्त्यांच्याही लक्षात आली असावी. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतल्या वित्तसंस्थांना कलम 80LA खाली 2019 पासून पंधरा वर्षांतली सलग कोणतीही दहा वर्षं माफीसाठी निवडता येऊ लागली. आपल्या कारखान्याला अशी निवड असती आणि त्यानं पूर्ण माफीची पाच वर्षं तिसऱ्या वर्षापासून मोजली असती, तर मॅट नसताना त्या पाच वर्षांच्या माफीची आजची किंमत 91 लाखांऐवजी सुमारे 1 कोटी 60 लाख झाली असती.