प्लेलिस्टचं नाव बदला, मालिका सापडेल

(भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.)

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. ‘आमची मालिका चांगली आहे, जे बघतात ते शेवटपर्यंत बघतात, पण नवीन माणूस तिच्यापर्यंत पोचतच नाही.’ थंबनेल, कॅमेरा, माईक यावर भरपूर बोललं जातं. आज ते सगळं बाजूला ठेवू. आज फक्त अक्षरांबद्दल बोलायचं आहे: प्लेलिस्टचं नाव, चॅनेलच्या पानावरच्या विभागांची नावं आणि चॅनेलचं वर्णन.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. समजा, नेरुळमध्ये राहणाऱ्या दोन मैत्रिणींनी बारा भागांची मालिका केली आहे. विषय आहे नवी मुंबई व्हायच्या आधीची गावं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलं, मग जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. करावे, दिवाळे, घणसोली अशा गावांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून केलेलं हे काम आहे असं धरा. मालिकेचं नाव त्यांनी ठेवलं ‘मुळं’. प्लेलिस्टचं नाव ‘मुळं – सीझन १’. सातव्या भागाचं नाव ‘ठिणगी’.

नाव सुंदर आहे, वाद नाही. पण जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा, किंवा डिसेंबर २०२५ मध्ये तिथून विमानं सुटू लागली तेव्हा, खारघरच्या एखाद्या विशीतल्या पोराला प्रश्न पडतो, हे दि. बा. कोण? तो फोनवर काय टाईप करेल? `d b patil kon hote` असं काहीतरी. ‘ठिणगी’ कुणीच टाईप करणार नाही. त्याला हवं असलेलं उत्तर सातव्या भागात आहे, पण ते नावात कुठेच लिहिलेलं नाही.

मोठ्या मालिकांना ही अडचण फारशी येत नाही. बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ घ्या. तिथे मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा एवढं पुरतं, कारण लोक मालिकेचं नावच शोधतात. गावच्या कट्ट्यावर ऐकलेलं असतं, व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. नवीन मालिकेचं नाव मात्र बनवणाऱ्यांशिवाय कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे पहिली काही वर्षं तुमच्या नावाआधी विषयाला बोलावं लागतं.

आता प्लेलिस्ट. माझ्या मते तिन्हींत सगळ्यात जास्त काम हीच करते आणि सगळ्यात कमी लक्ष हिच्याकडेच जातं. प्लेलिस्टच्या नावाला १५० अक्षरांची जागा मिळते, पण फोनवर ते दोन ओळींनंतर कापलं जातं. म्हणून कापलं जाणार नाही त्या जागेत, म्हणजे सुरुवातीला, विषय यायला हवा. ‘मुळं – सीझन १’ च्या जागी असं लिहून बघा:

‘नवी मुंबई आधीची गावं: दि. बा. पाटील, सिडको आणि शेतकरी | मुळं’

मालिकेचं नाव गेलं नाही, फक्त शेवटी गेलं. ‘सीझन १’ मात्र काढून टाकलं. दुसरा सीझन अजून आलेलाच नसेल तर त्या शब्दाने बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

इथे मराठीची एक खास गंमत आहे. आपली नामं विभक्ती लागली की रूप बदलतात. ‘नव्या मुंबईतल्या गावांच्या गोष्टी’ हे नाव ऐकायला किती छान वाटतं! पण त्यात ‘नवी मुंबई’ ही जोडी शिल्लकच नाही. ‘बेलापूर’ चं ‘बेलापुरात’ झालं, ‘गाव’ चं ‘गावांच्या’ झालं. सर्च थोडंफार समजून घेतो, पण अंगठ्याने भराभर यादी सरकवणारा माणूस त्याने टाईप केलेला शब्द जसाच्या तसा दिसतो का हेच बघतो. म्हणून महत्त्वाचं नाव शक्य तिथे मूळ रूपातच ठेवा. ‘बेलापूर किल्ला: कुणी बांधला?’ हे ‘बेलापुरातल्या किल्ल्याची कहाणी’ पेक्षा जास्त उपयोगी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मी उलट सांगितलं असतं, ते सोडा.

दुसरी गोष्ट लिपीची. आपण मराठीत बोलतो, पण शोधताना बरेच जण इंग्रजी अक्षरांत टाईप करतात, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. दि. बा. पाटलांचंच बघा: `DB Patil`, `D B Patil`, ‘दिबा’, ‘दि बा पाटील’. हे सगळं नावात कोंबू नका, नाव वाचवत नाही. प्लेलिस्टला स्वतःचं वर्णन असतं आणि ते बहुतेक जण रिकामंच सोडतात. तिथे दोन-तीन सरळ वाक्यं लिहा: ही बारा भागांची मालिका कशाबद्दल आहे, पहिल्यापासून बघायची की कुठूनही चालेल, आणि एका वाक्यात रोमन लिपीतलं रूप, उदाहरणार्थ `Navi Mumbai villages history in Marathi, D B Patil, CIDCO`. एक वाक्य म्हणजे एकच वाक्य. वीस शब्दांची माळ लावली तर वाचणाऱ्याला तो कचरा वाटतो, आणि दिशाभूल करणाऱ्या शब्दांची भरताड यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

नाव नीट झालं तरी एक चूक सगळं घालवते, ती म्हणजे क्रम. प्लेलिस्टमध्ये नवीन व्हिडिओ वर जोडला जाईल अशी सेटिंग असेल, तर नवीन माणसाला पहिला दिसतो तो भाग १२. एकमेकांशी संबंध नसलेल्या गप्पांच्या पॉडकास्टला ते चालतं, उलट बरंच आहे. पण ‘मुळं’ मध्ये बाराव्या भागात ‘मघाशी सांगितलेली ती सही’ असा उल्लेख आला की नवा माणूस तिथेच सोडून जातो. क्रमवार मालिकेसाठी जुना आधी असा क्रम लावा. संगणकावर प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये अधिकृत मालिका म्हणून खूण करायची सोयही आहे. त्याने यूट्यूबला कळतं की हे व्हिडिओ एकत्र बघायचे आहेत. मात्र एक व्हिडिओ अशा एकाच मालिकेत राहू शकतो. आणि ट्रेलर, शॉर्ट्स, ‘पडद्यामागे’ वगैरे त्या यादीत घालू नका, त्यांची वेगळी यादी करा.

आता आपला खारघरचा मुलगा सर्चमधून थेट सातव्या भागावर आला असं समजा. तो प्लेलिस्टमधून आलेला नाही, त्यामुळे भाग संपल्यावर आठवा आपोआप लागेलच असं नाही, भलताच कुणाचा तरी व्हिडिओ लागू शकतो. म्हणून प्रत्येक भागाच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत अख्ख्या यादीची लिंक द्या, जी `youtube.com/playlist?list=` अशी सुरू होते. शेवटच्या ५ ते २० सेकंदांत जो एंड स्क्रीन लावता येतो, त्यात ‘सबस्क्राइब’ सोबत तीच प्लेलिस्टही ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतानाही एका भागाऐवजी यादीची लिंक पाठवलेली बरी.

आता विभाग. एखाद्याला भाग आवडला की तो चॅनेलच्या नावावर बोट ठेवतो आणि `Home` पानावर येतो. यूट्यूब स्टुडिओत `Customization` मध्ये जाऊन या पानावर जास्तीत जास्त १२ विभाग लावता येतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एका प्लेलिस्टचा विभाग लावला तर त्याचं शीर्षक वेगळं देता येत नाही, प्लेलिस्टचंच नाव तिथे झळकतं. मघाशी प्लेलिस्टच्या नावावर इतका वेळ घालवला तो म्हणूनच. `Multiple playlists` प्रकारचा विभाग घेतला तर मात्र नाव तुमचं.

‘मुळं’ वाल्या मैत्रिणींच्या चॅनेलवर मी बाराच्या बारा विभाग लावणार नाही. चार पुरेत. पहिला, मुख्य मालिकेची प्लेलिस्ट. दुसरा, अनेक प्लेलिस्टचा विभाग, नाव ‘गावानुसार बघा’, आत दिवाळे, करावे, घणसोली अशा छोट्या याद्या. तिसरा, शॉर्ट्स. चौथा, लोकप्रिय व्हिडिओ. ‘आमचा प्रवास’, ‘मनातलं’ अशी विभागांची नावं मला पटत नाहीत, त्यावर बोट ठेवल्यावर काय उघडेल हे कळत नाही. सगळ्यात वर, सबस्क्राइब न केलेल्यांसाठी जो व्हिडिओ लावता येतो तिथे भाग १ किंवा मिनिटभराचा ट्रेलर ठेवा. ‘एक लाख झाले, धन्यवाद’ वाला व्हिडिओ तिथे अजिबात नको.

चॅनेलच्या वर्णनाला १००० अक्षरं मिळतात. फोनवर मात्र त्याची सुरुवातच दिसते, बाकीचं उघडून बघावं लागतं. ‘नमस्कार, आमच्या चॅनेलवर आपलं सहर्ष स्वागत आहे’ लिहिलं की ती जागा संपली! त्याऐवजी:

‘नवी मुंबई होण्याआधी इथे कोण राहत होतं? गावकऱ्यांच्या तोंडून, मराठीत. सुरुवात: भाग १.’

त्याच्या खाली बाकीचं लिहा: कोण बनवतं, नवा भाग कधी येतो, संपर्काचा मेल. लिंकसाठी वेगळी जागा असते, तिथे पहिली लिंक मालिकेच्या यादीची, इन्स्टा नंतर.

फरक पडला का, हे कसं ओळखायचं? सगळं एका रात्रीत बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. आधी प्लेलिस्टचं नाव आणि सातव्या भागाचं नाव बदला. महिनाभराने स्टुडिओच्या `Analytics` मध्ये प्रेक्षक कुठून आले ते बघा. `YouTube search` उघडलं की लोकांनी टाईप केलेले शब्द दिसतात. तिथे फक्त ‘मुळं’ आणि तुमचीच नावं असतील, तर अजून ओळखीचेच लोक येताहेत. ‘दिबा’, `cidco 12.5`, ‘जासई’ असे शब्द दिसू लागले तर नवीन माणसं यायला लागली. `Playlists` चा आकडा हलत नसेल आणि सर्चचा वाढत असेल, तर लोक एक भाग बघून निघून जाताहेत, म्हणजे लिंक आणि एंड स्क्रीन तपासा.

आणि एक साधी तपासणी. मालिका न पाहिलेल्या कुणाच्या तरी फोनवर चॅनेल उघडा, काही न सांगता त्याच्या हातात द्या, आणि विचारा, ‘दि. बा. पाटलांवरचा भाग काढून दाखव.’ किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. तोंडाने काही सुचवू नका, तेवढं मात्र पाळा.