शक्य क्षेत्र आणि त्याचे कोपराबिंदू

मागील भागात आपण एका रेषीय असमानतेचा आलेख काढला. आता अनेक असमानता एकाच वेळी पाळावयाच्या असल्यास काय करावे, हे पाहू.

समजा, मुलुंड येथील एक गृहिणी घरी चकल्या व शंकरपाळे करून विकते. अंधेरीचा एक दुकानदार तिच्याकडे रोज ५ किलो चकल्या आणि ८ किलो शंकरपाळे मागतो. तिने होकार द्यावा काय?

रोजच्या चकल्या क्ष किलो व शंकरपाळे य किलो माना. कोणताही एक किलो माल तळण्यास २० मिनिटे लागतात. कढई एकच असून ती २४० मिनिटे मोकळी असते. म्हणून क्ष + य ≤ १२. हाताचे काम चकल्यांना किलोमागे ३० मिनिटे व शंकरपाळ्यांना १५ मिनिटे आहे. मदतनीस बाई २७० मिनिटे थांबते. म्हणून २क्ष + य ≤ १८. शंकरपाळे ८ किलोंहून अधिक खपत नाहीत, म्हणजे य ≤ ८. शिवाय क्ष ≥ ०, य ≥ ०. ही शेवटची जोडी विद्यार्थी हमखास विसरतात आणि मग त्यांचे क्षेत्र ऋण बाजूस पसरत जाते.

प्रत्येक असमानतेच्या जागी समीकरण घेऊन रेषा काढा. पहिली रेषा (१२, ०) व (०, १२) यांतून, दुसरी (९, ०) व (०, १८) यांतून जाते. तिसरी आडवी आहे. (०, ०) हा बिंदू सर्व अटी पाळतो. म्हणून प्रत्येक रेषेची आरंभबिंदूकडील बाजू घ्यावी. सर्व बाजूंना सामाईक असलेला भाग म्हणजे शक्य क्षेत्र.

खरी चूक कोपरे शोधताना होते. २क्ष + य = १८ आणि य = ८ या रेषा (५, ८) येथे छेदतात. दुकानदाराची मागणी नेमकी हीच! मदतनीस बाईचा वेळ पुरतो, खपाची मर्यादाही पाळली जाते. म्हणून हा कोपरा असावा असे वाटते. परंतु पहिल्या अटीत किमती घाला: ५ + ८ = १३. कढईला २० मिनिटे कमी पडतात. छेदनबिंदू उरलेल्या सर्व असमानतांत तपासल्याशिवाय त्यास कोपराबिंदू म्हणू नये. याच कारणाने (१२, ०) देखील बाद होतो, कारण तेथे २क्ष + य ची किंमत २४ येते.

उरलेले कोपराबिंदू (०, ०), (९, ०), (६, ६), (४, ८) आणि (०, ८) हे आहेत. किलोमागे चकल्यांवर ६० व शंकरपाळ्यांवर ४० रुपये नफा धरल्यास तो अनुक्रमे ०, ५४०, ६००, ५६० आणि ३२० रुपये होतो. नफ्याचे सूत्रही रेषीय असल्याने या बंदिस्त क्षेत्रातील सर्वाधिक किंमत एखाद्या कोपऱ्यावरच मिळते. आतील बिंदू तपासावे लागत नाहीत. दुकानदाराला ८ किलो शंकरपाळे हवेच असतील, तर तिला ४ किलोच चकल्यांचा शब्द देता येईल. त्याने ६ किलो शंकरपाळ्यांवर समाधान मानले, तर चकल्याही ६ किलो होतील आणि नफा ४० रुपयांनी वाढेल.