गुळाच्या यादीत काय लिहावे?

किराणा व मसाल्याच्या धंद्यातले आपले अनेक बांधव आता घरबसल्या ऑनलाइन गूळ विकू लागले आहेत. मालाची नोंद करताना बहुतेक जण ‘शुद्ध, नैसर्गिक, केमिकल फ्री’ एवढे लिहून मोकळे होतात आणि शेजारी पिवळ्याधमक ढेपेचा फोटो लावतात. तक्रारीचे मूळ अनेकदा या दोन गोष्टींतच असते. फोटो पाहून आलेल्या गिऱ्हाईकाला घरी तपकिरी गूळ मिळाला, तर तो भेसळ समजून परत पाठवतो. शब्द पाहून घेणाऱ्याने माल तपासून घेतला, तर दुकानदार खोटा ठरू शकतो.

आधी रंगाचे पाहू. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागला की वर मळी येते. ती गोळा व्हावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस व चुन्याची निवळी घालतात आणि मळी झाऱ्याने काढून टाकतात. पुढे गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी पाहतो व काहील उतरवतो. रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. त्याने गूळ सोनेरी दिसतो, पण हवा लागून काही आठवड्यांत तो काळवंडू लागतो आणि गंधकाचा अंश मालात उरतो. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत 70 भागांपेक्षा जास्त असता कामा नये.

मात्र काळा गूळ म्हणजे बिनरसायनाचा, असेही नाही. क्षारपड जमिनीतला ऊस, जास्त पडलेला चुना, करपलेला पाक किंवा जुना साठा, यांनीही गूळ काळा होतो. उलट चांगल्या उसाचा आणि मळी नीट काढलेला गूळ हायड्रोसशिवायही बऱ्यापैकी उजळ निघतो. म्हणून रंग हा पुरावा नव्हे. हायड्रोस वापरला की नाही, हे प्रयोगशाळेतच ठरते.

आता शब्दांचे. चुना हेही रसायनच आहे. चुना घातलेल्या गुळावर ‘केमिकल फ्री’ लिहिले, तर गिऱ्हाईकाने प्रश्न केल्यावर उत्तर देता येत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द तर वेगळाच आहे. तो उसाच्या शेतीपासून लागू होतो आणि 2017 च्या नियमांनुसार त्यासाठी प्रमाणपत्र लागते. गुऱ्हाळात हायड्रोस घातला नाही म्हणून गूळ सेंद्रिय होत नाही. ‘कोल्हापुरी’ हे नावही जपून वापरावे, कारण 2014 मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा गूळ त्या नावाने विकू नये.

राहिला प्रश्न ढेप की पावडर. ढेपेत ओलावा जास्त, नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत चालतो. पावडरीसाठी पाक आणखी आटवून, घोटून, चाळून वाळवतात, त्यामुळे ओलावा दोनेक टक्क्यांवर येतो. समजा, 8 टक्के ओलाव्याची ढेप 60 रुपये किलो आहे. तिच्यात 920 ग्रॅम कोरडा गूळ आहे, तर 2 टक्के ओलाव्याच्या पावडरीत 980 ग्रॅम. या हिशेबाने पावडर 64 रुपयांना पडली पाहिजे. त्यावरचा दर वाळवणीचा, मजुरीचा व बांधणीचा. गिऱ्हाईकाने दर का जास्त विचारले, तर हा हिशेब सांगता येतो.

पावसाळ्यात ढेप वरून पाझरते, पण आतून टिकते. पावडरीच्या कणाकणाला हवा लागते, म्हणून पाकीट हवाबंद नसेल तर तिचे खडे होतात. घाऊक घेणाऱ्या मिठाईवाल्याला ढेप परवडते, चहावाल्याला व घरगुती गिऱ्हाईकाला पावडर सोयीची. पावडरीत साखर किंवा खडूची भुकटी मिसळणे सोपे असते. चमचाभर पावडर पाण्यात विरघळवून पाहावी. तळाला पांढरा गाळ बसला, तर माल संशयास्पद समजावा. साखर मात्र विरघळून जाते, ती अशी कळत नाही.

तेव्हा नोंद अशी लिहावी: ‘ऊसाचा गूळ, ढेप 1 किलो. रंग तपकिरी, प्रत्येक काहिलीत थोडा फरक पडतो. भेंडी व चुन्याच्या निवळीने मळी काढलेला, हायड्रोस न वापरलेला. गुऱ्हाळाचे गाव व तयार केल्याची तारीख पाकिटावर.’ फोटो त्याच मालाचा, उन्हात काढलेला असावा. हायड्रोसबद्दलचे वाक्य मात्र गुऱ्हाळात स्वतः जाऊन पाहिल्यावर व एकदा तपासणी करून घेतल्यावरच लिहावे. तपासणीचा कागद फाईलला ठेवावा, म्हणजे कोणी विचारले तर पुढे करता येईल.