मारिओची धाव आणि घड्याळ

१९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ बाजारात आणला. मिशीवाला मारिओ उड्या मारीत, नळांतून ये-जा करीत राजकन्येची सुटका करतो, एवढेच त्याचे कथानक. खेळ संपवणे हे ज्यांना पुरेसे वाटेना, त्यांनी तो कमीत कमी वेळात संपवण्याचा छंद आरंभिला. यालाच स्पीडरन म्हणतात. मराठीत त्यास द्रुतधाव म्हणता येईल.

घड्याळ लावण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : खेळ संपवला असे केव्हा म्हणावयाचे? या खेळात बत्तीस टप्पे आहेत. पण काही गुप्त वाटांनी, ज्यांस वॉर्प झोन म्हणतात, पुढल्या जगांत थेट जाता येते. त्या वाटा वापरल्या तर आठच टप्पे खेळावे लागतात. साहजिकच दोन्ही धावांची तुलना अन्याय्य ठरेल. म्हणून प्रकार पाडले गेले. कोणत्याही मार्गाने शेवट गाठावा, तो ‘एनी पर्सेंट’. गुप्त वाटा वर्ज्य करून सर्व टप्पे पार करावेत, तो ‘वॉर्पलेस’. निष्णात खेळाडू पहिल्या प्रकारात पाच मिनिटांच्या आत खेळ संपवतात.

तिसरा भेद अधिक नाजूक आहे. तो चवथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात उत्तम दिसतो. तेथे अदृश्य ठोकळ्यांची पायरी करून एका विटेला खालून धडक दिली की वेल उगवते, आणि वेलीवरून चढून आठव्या जगाची वाट सापडते. ही निर्मात्यांनीच ठेवलेली वाट. फक्त वेल उगवण्यात आणि चढण्यात मोलाचे सेकंद जातात. पुढे एक नळ आहे, तो नाण्यांच्या खोलीत नेतो. आता गंमत अशी की, कोणत्या दाराने कोठे जावयाचे ही नोंद खेळ पडदा पुढे सरकेल तशी वाचीत जातो. वेलीची नोंद आधी येते, नळाची नंतर. मारिओ सामान्यतः पडद्याच्या मध्याच्या आसपास असतो. परंतु विटेवर किंवा भिंतीवर विशिष्ट रीतीने आदळल्यास तो पडद्यावर काही ठिपके उजवीकडे सरकतो. मग नळापाशी तो पोचतो, पण पडदा अजून मागे असतो. नळाची नोंद वाचलेली नसते, आणि खेळ त्याला वेलीच्याच पत्त्यावर पाठवतो! याला ‘राँग वॉर्प’ म्हणतात. प्रयत्न फसला हे ओळखणे सोपे : मारिओ नाण्यांच्या खोलीत जाऊन पडतो. नवख्याच्या बाबतीत बहुधा हेच घडते.

आज्ञावलीतील अशा उणिवांना ग्लिच म्हणतात. एनी पर्सेंटमध्ये त्यांना मुभा असते. ‘ग्लिचलेस’ प्रकारात त्या निषिद्ध, तेथे वेलच चढावी लागते. ग्लिच वापरणे लबाडी नव्हे, कारण तो खेळाच्याच आतून, साध्या बटणांनी साधला जातो. लबाडी म्हणजे आज्ञावली बदलणे किंवा चित्रफीत जोडून तयार करणे. नवख्याने मात्र आधी वेलीचा मार्ग पक्का करावा, हे शहाणपणाचे. फसलेल्या राँग वॉर्पपेक्षा चढलेली वेल केव्हाही स्वस्त.

घड्याळ केव्हा सुरू करावयाचे? पहिल्या टप्प्याच्या आरंभी वेळेचा ४०० हा आकडा पडद्यावर उमटतो, त्या क्षणी. शेवटच्या किल्ल्यात मारिओचा स्पर्श कुऱ्हाडीला होतो, त्या क्षणी ते थांबते. संगणकावर ‘लाइव्हस्प्लिट’सारखे घड्याळ चालू ठेवून प्रत्येक टप्प्याअखेर एक कळ दाबतात, मग कोठे किती वेळ गेला, हे आठ तुकड्यांत दिसते. पण बोट उशिरा पडते, म्हणून नेमका वेळ चित्रफितीवरून मोजावा. समजा, सेकंदाला ६० चित्रांच्या फितीत आरंभापासून कुऱ्हाडीपर्यंत २१,६३० चित्रे भरली. तर ६०ने भागून ३६०.५ सेकंद, म्हणजे सहा मिनिटे अर्धा सेकंद. घड्याळात सहा मिनिटे एक सेकंद दिसले असले तरी खरा वेळ हाच.

तुकडे वाचताना आणखी एक खाचखळगा आहे. टप्पा संपल्यावर पुढचा उघडावयाचा की नाही, हे खेळ दर २१ चित्रांनी, सुमारे ०.३५ सेकंदांनी, तपासतो. तरीची होडी ठराविक वेळीच सुटावी, तसे हे आहे. धक्क्यावर क्षणभर आधी पोचलेला आणि ऐन वेळी पोचलेला, दोघेही एकाच होडीत. त्यामुळे एखाद्या टप्प्यात पाच चित्रांची बचत केली तरी ती बहुधा तपासणीची वाट पाहण्यातच संपून जाते. शेवटच्या टप्प्यात मात्र ही होडी नाही. कुऱ्हाडीला हात लागताच घड्याळ थांबते, आणि तेथे प्रत्येक चित्राची बचत जशीच्या तशी पदरात पडते.