टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाचे वर्गशिक्षकांना पत्र

टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंडात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. त्यामुळे मुलाला ते रोज इंजेक्शनने घ्यावे लागते. शाळेच्या वेळेत खरा धोका असतो तो साखर अचानक घसरण्याचा. इन्सुलिन घेतले आणि डबा अर्धाच खाल्ला, किंवा खेळाच्या तासाला नेहमीपेक्षा जास्त धावपळ झाली, तर अर्ध्या तासात मूल बेशुद्धीच्या जवळ जाऊ शकते. त्या वेळी समोर फक्त शिक्षक असतात. म्हणून पालकांच्या पत्रात आजाराची माहिती थोडी आणि कृती जास्त असावी.

अनेक पत्रे निदानाच्या हकिकतीने सुरू होतात आणि कामाचा मजकूर दुसऱ्या पानावर जातो. हा क्रम उलटा हवा. साखर कमी झाल्याची लक्षणे आणि त्यावरचा उपाय सर्वांत वर लिहावा. लक्षणेही त्या मुलाचीच लिहावीत, कारण ती प्रत्येकाची वेगळी असतात. कोणाला घाम सुटतो, कोणाचे हात थरथरतात, कोणी विनाकारण चिडते किंवा फळ्याकडे नुसते बघत राहते. मेंदूला साखर कमी पडली की मुलाला स्वतःला काय होते आहे ते सांगता येत नाही, आणि वर्गात त्याचा अर्थ खोडसाळपणा किंवा आळस असा लावला जातो.

चौथीतली, साधारण 30 किलो वजनाची मुलगी धरली, तर पत्राची सुरुवात अशी होईल:

‘आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मुलीचा चेहरा पांढरा पडला, घाम आला किंवा ती एकदम गप्प झाली तर तिला जागेवरच बसवावे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातल्या ग्लुकोमीटरवर साखर बघावी. ती 70 पेक्षा कमी असेल, किंवा मोजायला वेळ नसेल, तर लगेच दोन भरलेले चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी. 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. अजूनही 70 पेक्षा कमी असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि आम्हाला फोन करावा. साखर वर आल्यावर दोन बिस्किटे द्यावीत. तिला एकटीला कुठेही पाठवू नये.’

दोन चमच्यांचे हे प्रमाण वजनावरून ठरते. किलोमागे सुमारे 0.3 ग्रॅम म्हणजे 30 किलोला 9 ते 10 ग्रॅम ग्लुकोज. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून घेऊनच लिहावा. चॉकलेट चालणार नाही, हेही स्पष्ट लिहावे. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शिक्षक प्रेमापोटी नेमके तेच पुढे करतात.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर नियम बदलतो. तोंडात पाणी, साखर काहीही घालायचे नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवायचे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवायची. डॉक्टरांनी ग्लुकागॉन दिले असेल तर ते कुठे ठेवले आहे आणि शाळेत कोणाला देता येते, ते नावानिशी लिहावे. ‘अशा वेळी इन्सुलिन देऊ नये’ हे वाक्य ठळक असावे. मधुमेह म्हणजे इन्सुलिन, एवढेच माहीत असलेला माणूस घाईत हीच चूक करू शकतो, आणि ती जिवावर बेतते.

त्यानंतर वेळापत्रक. सकाळचे आणि रात्रीचे इन्सुलिन घरी होते, एवढी एक ओळ पुरते. शाळेतला डोस मात्र पूर्ण लिहावा: डब्याआधी साखर मोजणे, पेनने डोस घेणे, लगेच जेवणे. डोस किती, हे शिक्षकांनी ठरवायचे नसते. मूल टोचून घेताना कोणी मोठ्याने पेनवरचा आकडा बघितला, की झाले. डबा संपला नाही तर घरी कळवावे. खेळाच्या तासाआधी साखर 90 पेक्षा कमी असेल तर आधी खाणे, मग मैदान. साखर 250 च्या वर असून उलट्या होत असतील तर पालकांना तातडीने बोलवावे. वारंवार पाणी पिणे आणि लघवीला जाणे अडवू नये.

परीक्षेतही ही मुभा लागते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 मध्ये अशा विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रात साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेण्याची परवानगी दिली. घटक चाचणीसाठीही तीच विनंती पत्रात करता येते.

शेवटी दोन फोन नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि औषधाच्या चिठ्ठीची प्रत. पत्राची एक प्रत हजेरीपटात आणि एक क्रीडाशिक्षकांकडे ठेवायला सांगावी, म्हणजे बदली शिक्षकांच्याही हाती लागते. पत्रावर तारीख घालावी, आणि डोस बदलला की जुन्या सगळ्या प्रती परत घेऊन नवे पत्र द्यावे.