साडेतीन हजारांच्या बिलातून पार्लरला काय उरतं?

डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर दिसेल असं एक पार्लर डोळ्यांसमोर आणा. चार खुर्च्या, काम करणाऱ्या तीन मुली, वेळ सकाळी दहा ते रात्री आठ. भाडं 40 हजार, तिघींचे पगार मिळून 45 हजार, वीज-पाणी आणि किरकोळ खर्च 12 हजार. म्हणजे एकही ग्राहक आला नाही तरी महिन्याला 97 हजार जाणारच. हे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहते, आणि त्या रीतीबद्दलच बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : शनिवारी-रविवारी जागा मिळत नाही, म्हणजे आणखी एक खुर्ची हवी.

गर्दीच्या दिवशी ग्राहक परत जातात ते बहुतेक वेळा हात कमी पडतात म्हणून. चार खुर्च्या आणि तीन मुली असतील, तर पाचवी खुर्ची फक्त पर्स ठेवायच्या कामाची. म्हणून खुर्चीचे तास मोजताना हातांचे तासही मोजावेत. जेवणाचा एक तास सोडला तर तीन मुलींचे दिवसाला 27 तास होतात आणि 26 दिवसांचे 702. हे सगळे तास कामात गेले, तर 97 हजारांपैकी प्रत्येक तासावर साधारण 138 रुपयांचा बोजा येतो. पण मंगळवारची दुपार, पितृपंधरवडा आणि लग्नसराईनंतरचे दिवस धरून निम्मेच तास भरले, तर तोच बोजा 276 रुपये होतो.

आता 60 रुपयांच्या थ्रेडिंगकडे पाहा. दहा मिनिटांत एक, अशा तासात सहा केल्या तर 360 रुपये येतात. कर आणि कमिशन वजा जाता तीनशेच्या आसपास उरतात, तेही एकामागोमाग एक ग्राहक बसले तरच. निम्म्या भरलेल्या पार्लरमध्ये हे काम कसंबसं स्वतःचा खर्च काढतं. तरीही ते बंद करू नये, कारण दर पंधरा-वीस दिवसांनी येणारी बाई याच कामासाठी येते आणि हेअर कट, फेशियल, कलर तिथूनच ठरतात. फक्त ते मोठ्या कामांच्या मधल्या वेळेत बसवावं. कलर लावून झाला की तो मुरेपर्यंत साधारण 35 ते 45 मिनिटं खुर्ची अडलेली असते, पण मुलीचे हात मोकळे असतात. चौथी खुर्ची लागते ती याच वेळी.

गैरसमज : मोठं बिल म्हणजे मोठी कमाई.

या गैरसमजात सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून एकच बिल शेवटपर्यंत सोडवून पाहू. ग्लोबल कलर, जीएसटी धरून 3,500 रुपये, ग्राहकाचे केस कमरेपर्यंत. सलून सेवेवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे नोंदणी असलेल्या पार्लरच्या हाती 3,333 येतात. या केसांना 60 मिलीच्या तीन ट्यूब लागल्या. 400 प्रमाणे 1,200. दीडपट डेव्हलपर म्हणजे 270 मिली, 600 रुपये लिटरच्या दराने 162. शॅम्पू, कंडिशनर, हातमोजे, टॉवेलची धुलाई मिळून 80. एकूण 1,442. बिलावर 10 टक्के कमिशनचे 350 गेले की उरले सुमारे 1,540. आणि खुर्ची अडली तीन तास.

त्याच दरात खांद्यापर्यंत केस असलेली बाई आली, तर दीड ट्यूब पुरते. प्रॉडक्टचा खर्च 760 च्या आसपास, वेळ अडीच तास, उरतात 2,220. दरपत्रकात ‘ग्लोबल कलर 3,500’ एवढंच लिहिलं असेल, तर लांब केसांची प्रत्येक ग्राहक मालकिणीला 680 रुपयांनी महाग पडते. म्हणून दर केसांच्या लांबीप्रमाणे लावावा आणि तो ग्राहकाला आधी सांगावा. वाटी वजनकाट्यावर ठेवून कलर मोजावा. डेव्हलपर मिसळलेला कलर पुढच्या ग्राहकासाठी ठेवता येत नाही, त्यामुळे वाटीत उरलेलं ते थेट नुकसान.

18 टक्क्यांचे 5 झाले म्हणून दर लगेच तेवढेच उतरवता येतील, हाही समज पसरला. नव्या दरासोबत इनपुट क्रेडिट गेलं. ट्यूबवर भरलेला जीएसटी पूर्वी वळता होत असे, आता तो खर्चातच धरावा लागतो. कलर, केराटिनसारख्या प्रॉडक्टखाऊ कामांत हा फरक जास्त जाणवतो.

गैरसमज : अपॉइंटमेंट घेऊन ग्राहक आली नाही की बिलाएवढं नुकसान, आणि आगाऊ पैसे मागितले तर ग्राहक तुटतात.

ती आली नाही तर ट्यूबही फुटत नाहीत. लांब केसांच्या कामात तोटा 1,540 चा, 3,500 चा नव्हे. शिवाय तो दिवसावर अवलंबून आहे. मंगळवारी दुपारी ती खुर्ची एरवीही रिकामीच राहिली असती. शनिवारी अकराची वेळ राखण्यासाठी मात्र तुम्ही दोघींना परत पाठवलेलं असतं. म्हणून सगळ्यांकडून आगाऊ घेण्याचं कारण नाही. दोन तासांवरची कामं आणि शनिवार-रविवार, एवढ्यापुरतं 500 रुपये घ्या. ते बिलात वळते होतील आणि आदल्या दिवशी कळवलं तर परत मिळतील, हे स्पष्ट सांगा.

मागायची योग्य वेळही आहे. केसांच्या कलरची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून 48 तास आधी पॅच टेस्ट करायला खोक्यावरच लिहिलेलं असतं. अनेक पार्लर ती करतच नाहीत, आणि हा ग्राहकाच्या तब्येतीशी खेळ आहे. तिला टेस्टसाठी बोलवा, केसांची लांबी पाहून दर सांगा आणि तेव्हाच आगाऊ घ्या. जी टेस्टला येऊन गेली ती सहसा कामालाही येते.

गैरसमज : कमिशनचे टक्के वाढवले की मुली जास्त काम आणतात.

टक्क्यांपेक्षा ते कशावर मोजता, याला महत्त्व आहे. वरच्या बिलात मुलीला लांब केसांचे आणि आखूड केसांचे सारखेच 350 मिळाले. कलर जपून वापरायचं तिला कारणच नाही. त्याऐवजी जीएसटी आणि प्रॉडक्ट वजा करून उरलेल्या रकमेवर 15 टक्के द्या. लांब केसांवर तिला सुमारे 284 मिळतील, आखूडवर 386. दर लांबीप्रमाणे केलेत की पहिला आकडाही वर येतो. मात्र वजावट प्रत्यक्ष वापरलेल्या ग्रॅमची नको. तसं केलं तर मुली हात आखडतात, मुळाशी पांढरे केस दिसतात आणि ते काम फुकट पुन्हा करून द्यावं लागतं. लांबीनुसार ठरीव वजावट धरा.

टार्गेट ठेवणार असाल तर एक धोका ओळखा. 45 हजारांचं काम झालं की पूर्ण रकमेवर 10 टक्के, असा नियम केलात, तर 44 हजार करणारीला शून्य आणि 45 हजार करणारीला 4,500. मग महिनाअखेरीस मुली एकमेकींच्या नावावर बिलं फिरवतात. 28 तारखेनंतर एकीचाच आकडा अचानक उडी मारत असेल, तर समजा की हेच चाललंय. टार्गेटच्या वरच्या रकमेवरच टक्के ठेवले की ही उडी नाहीशी होते. केस धुणाऱ्या, वाटी तयार करणाऱ्या शिकाऊ मुलीचाही त्यात छोटा वाटा ठेवा. तिच्या हातांशिवाय ते तीन तास पुरे होत नाहीत.

गेल्या दोन महिन्यांची वही काढा आणि प्रत्येक कामापुढे उरलेली रक्कम व लागलेला वेळ लिहा. दिवाळीच्या गर्दीआधी निदान लांबीप्रमाणे दरपत्रक तरी नवीन छापून घ्या.