एकाहत्तर की एकोणऐंशी?

परदेशातल्या मुलाकडे जायचं म्हणून आईचा शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत करून हवा असतो. मुलगी दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि वर लिहिते, ‘वाचता येतंय ना?’ वरवर पाहिलं तर सगळं वाचता येतं आणि घोटाळा इथेच होतो. ‘विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव’, ‘वर्तणूक : चांगली’ हा छापील मजकूर इतका ओळखीचा असतो की अर्धा पुसला गेला तरी आपण तो पुरा करतो. पण नाव, तारीख आणि रजिस्टर क्रमांक यांना संदर्भाचा आधार नसतो. ‘मोरे’ आणि ‘भोरे’ ही दोन्ही खरी आडनावं आहेत, त्यामुळे धूसर फोटोत म आणि भ एकसारखे दिसू लागले, की वाक्यातून काहीच मदत मिळत नाही. घ-ध आणि ब-व यांचंही तसंच.

म्हणून फोटो पुरेसा स्पष्ट आहे का, हा प्रश्न सबंध पानाला विचारू नये. एकेका रकान्याला विचारावा. कसोटी सोपी आहे. शंकास्पद अक्षराचे जेवढे शक्य पर्याय असतील तेवढे कागदावर लिहायचे. फोटो पाहून त्यातला एक सोडून बाकीचे खोडता आले तर मजकूर वाचला म्हणायचं. दोन उरले तर तो वाचलेला नाही, मग मन कितीही ग्वाही देवो. दुसऱ्या कोणाला दाखवायचं तर आपलं वाचन आधी सांगू नये, नाहीतर त्यालाही तेच दिसू लागतं.

या दाखल्यात जन्मवर्ष १९७१ आहे की १९७९, ते कळत नाही. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मधला फरक एका छोट्या वळणाचा असतो आणि नेमकं तेच फोटोत विरघळलंय. सुदैवाने दाखल्यावर तारीख अक्षरीही असते आणि ‘एकाहत्तर’ व ‘एकोणऐंशी’ यांची सरमिसळ सहसा होत नाही. पण इथे कागदाची घडी नेमकी त्या शब्दावरून गेली आहे. ‘एक’पुढचा काना दिसतो, त्याच्यावर मात्रा आहे की नाही ते दिसत नाही आणि शब्दाचा शेवट सावलीत गेलाय.

शाळेत प्रवेश १९७७ सालचा, म्हणजे जन्म १९७१चाच असणार, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणेन, पण भाषांतरात ते लिहिणार नाही. कारकुनाने दाखल्यावर चुकीचं साल लिहिलं असेल, तर भाषांतरात तीच चूक जशीच्या तशी यायला हवी. ‘आधारवर ७१ आहे, तेच टाका ना’ ही विनंती हमखास येते, ती नाकारायची. इंग्रजी नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरून घेणं वेगळं, तारीख घेणं वेगळं.

आता फोटो परत मागायचा. ‘जरा क्लिअर पाठवा’ म्हटलं की बहुतेकदा तसाच दुसरा फोटो येतो. आधी बिघाड ओळखावा. मोठं करून पाहिल्यावर अक्षरांभोवती बारीक चौकोन दिसले तर मूळ फोटो चांगला असण्याची शक्यता आहे, पाठवताना तो दाबला गेलाय. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं की काम भागतं. अक्षरं एकाच दिशेला ओढल्यासारखी, दुहेरी दिसत असतील तर हात हलला आहे. सगळीकडे मऊ, फुगीर दिसत असतील तर फोकस चुकलाय. बऱ्याचदा फोन कागदाच्या फार जवळ नेलेला असतो. पांढरा डाग असेल तर ती लॅमिनेशनवरची चमक.

आपल्या दाखल्यासाठी निरोप असा जाईल : ‘ताई, दाखला टेबलावर सपाट ठेवा, घडी हाताने दाबून घ्या. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून दोन फोटो काढा. एक पूर्ण पानाचा, चारही कोपरे दिसतील असा. दुसरा फक्त जन्मतारखेच्या दोन ओळींचा, वरची-खालची एकेक ओळ धरून. फोन वीतभर वर धरा, तारखेवर बोट टेकवून फोकस करा, कोपर टेबलाला टेकवा. दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ पूर्ण पान हवं, कारण नुसत्या तुकड्यावरून तो कुठल्या रकान्यातला ते सिद्ध होत नाही. ‘तिथे ७१ आहे का?’ असं मात्र विचारायचं नाही; हो असंच उत्तर येणार.

नव्या फोटोतही घडीवरची शाई उडालेली दिसली, तर दोष फोटोचा नाही, कागदाचाच आहे. मग भाषांतरात त्या जागी चौकटी कंसात ‘अवाचनीय’ या अर्थाची नोंद करायची, अर्धवट शिक्क्यालाही तसंच. तारीखच अवाचनीय असलेला दाखला व्हिसाच्या कामी फारसा उपयोगी पडणार नाही, हे ताईंना त्याच दिवशी सांगावं, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत मागायला त्यांना वेळ मिळेल.